बाबांचा निरोप, सासरच्या भाषेत

म्युनिकमध्ये नांदणाऱ्या मुलीला वाईहून बाबांचा व्हॉइस मेसेज आला. तो तिच्या सासू-सासऱ्यांसाठी होता : "दिवाळीला या. पोरीचं काही चुकलं तर पोटात घाला." तिने आधी तो सगळा एकटीने ऐकला, मग त्यांच्यासमोर लावून एकेका वाक्याला थांबत जर्मनमध्ये सांगितला.

पहिलं वाक्य सोपं होतं. जर्मनमध्येही आदरार्थी 'झी' आहे, त्यामुळे बाबांचं अहो-जाहो शाबूत राहिलं. दुसऱ्या वाक्याशी ती अडली. शब्दशः सांगितलं असतं, तर सासूबाईंना काहीच बोध झाला नसता. गाळलं असतं, तर बाबांची काळजीच हरवली असती. म्हणून तिने अर्थ सांगितला, "ती चुकली तर सांभाळून घ्या." मग हे आपलं बोलणं आहे असं सांगून जोडलं, "आमच्याकडे मुलीचे वडील व्याह्यांशी असंच नम्रपणे बोलतात." सासूबाईंनी लगेच उत्तर रेकॉर्ड केलं. तेही तिने मराठीत करून बाबांना पाठवलं.

घरचा निरोप पोचवताना स्वतःबद्दलचं वाक्य गाळायचा मोह होतो. ते गाळू नका. अर्थ पूर्ण सांगा आणि आपली भर वेगळी ठेवा.