बोटात रुतलेला गळ

खाडीवर गरवायला गेलेल्या माणसाच्या बोटात गळ घुसतो, तो बहुतेक वेळा मासा गळावरून सोडवताना. हातातली तांबोशी एकदम उसळते, तिच्या तोंडातून सुटलेलं टोक तर्जनीच्या पेरात शिरतं आणि दुसरा हात आपोआप गळ मागे ओढायला धावतो. हा पहिला हिसकाच टाळायला हवा. गळाच्या टोकापाशी, आतल्या बाजूला, एक छोटा उलटा काटा असतो. माशाला पळू न देणं हेच त्याचं काम, आणि बोटातही तो तेच काम चोख करतो. मागे ओढलं की तो मांसात अडकतो आणि जखम फाडत जातो. गळ काढण्याच्या सगळ्या पद्धतींचा प्रश्न एकच आहे : या काट्याचं काय करायचं?

त्याआधी थोडी तयारी लागते. मासा अजून लोंबकळत असेल तर तंगूस कापून त्याला आधी वेगळं करा. बोटात अंगठी असेल तर लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ती निघत नाही. मग बोटाची तपासणी करा. शेवटचं पेर वाकवता आणि सरळ करता येतं का? टोकाच्या दोन्ही कडांना हलका स्पर्श केला तर कळतो का? नख दाबून सोडल्यावर त्यात गुलाबी रंग लगेच परततो का? पहिल्या प्रश्नातून स्नायुबंध, दुसऱ्यातून नसा आणि तिसऱ्यातून रक्तपुरवठा शाबूत आहे का ते समजतं. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर गळ जिथे आहे तिथे राहू द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. दवाखान्यात बोट बधिर केल्यावर स्पर्शाची चाचणी घेता येत नाही, म्हणून ती आधीच झालेली बरी.

आता समजा, तिन्ही उत्तरं ठीक आहेत. गळ लहान किंवा मध्यम आकाराचा आणि एकाच टोकाचा आहे, पेराच्या मांसल भागात वरवर रुतला आहे आणि त्याचा वाक बाहेर स्पष्ट दिसतो आहे. अशा वेळी दोरीच्या झटक्याची पद्धत उपयोगी पडते. १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ती डॉक्टरांसाठी लिहिली गेली आणि आजही तातडीच्या उपचारांत ती शिकवली जाते.

साधारण साठ सेंटिमीटर मजबूत दोरी किंवा जाड तंगूस घ्या. तिचा मध्य गळाच्या वाकाभोवती अडकवा आणि दोन्ही टोकं ओढणाऱ्याने आपल्या हाताभोवती नीट गुंडाळून घ्यावीत. जखमी हात टेबलावर किंवा होडीच्या फळीवर घट्ट टेकवून धरा. बोट हललं तर झटका वाया जातो, म्हणूनच कानाच्या पाळीसारख्या लोंबत्या भागावर ही पद्धत चालत नाही. आता दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाचा दांडा कातडीच्या दिशेने खाली दाबा. सगळं गमक या दाबात आहे. दांडा खाली गेला की आतलं टोक किंचित फिरतं आणि उलटा काटा मांसातून सुटून, आत येताना केलेल्या वाटेच्या रेषेत येतो. दाब तसाच ठेवून दोरी कातडीला समांतर, नेढ्याच्या उलट दिशेला, एकाच जोरदार झटक्यात ओढायची. ‘दादा, जरा तिकडे बघा’ एवढं बोलून होईपर्यंत काम झालेलं असतं. गळ मात्र गोळीसारखा उडतो. त्याच्या वाटेत कुणी उभं राहू नये, आणि ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा.

झटका फसतो त्याची कारणं ठरलेली आहेत : मनात धास्ती असल्याने ओढ हळू पडते, ओढण्याआधीच दांड्यावरचा दाब सुटतो, किंवा बोट दोरीबरोबर सरकतं. एकदा नीट प्रयत्न करूनही गळ निघाला नाही तर थांबा. पुन्हा पुन्हा ओढून पेराच्या आतला भाग चिरडत जातो.

दुसरी पद्धत म्हणजे टोक पुढे ढकलून बाहेर काढणं. गळाच्या वळणाच्याच दिशेने टोक पुढे सरकवून कातडीतून नव्या जागी बाहेर काढायचं, काट्यासकट टोक कटरने कापायचं आणि उरलेला गुळगुळीत गळ आल्या वाटेने मागे घ्यायचा. दांड्यावरही काटे असतील तर उलट करायचं : नेढं कापून अख्खा गळ पुढच्या बाजूने ओढून घ्यायचा. मोठा गळ असेल आणि त्याचं टोक कातडीच्या अगदी खाली जाणवत असेल, तर ही पद्धत खात्रीची आहे. पण बोटाच्या पेरावर ती घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेराच्या आत चरबीचे छोटे कप्पे असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे तंतू चिवट असतात. दोन्ही कडांनी नसा आणि रक्तवाहिन्या जातात, खाली हाड असतं, वर नखाची गादी. आंधळेपणाने ढकललेलं टोक यातल्या कशावरही आदळू शकतं, आणि बधिर न करता ही वेदना सोसणं फार कठीण असतं. डॉक्टर बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन सगळं बोट बधिर करतात आणि मग दोन मिनिटांत हेच काम शांतपणे उरकतं.

काही गळांना घरी हातच लावायचा नाही. डोळ्यात किंवा पापणीत गेलेला गळ ओढू नका, दाबू नका. त्यावर कागदी कप उलटा धरून नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा. सांध्यात, हाडापर्यंत किंवा मानेत गेलेला गळ, लहान मुलाच्या बोटातला गळ आणि तीन टोकांचा गळ यांसाठीही दवाखानाच हवा. तीन टोकांच्या गळाची मोकळी टोकं जाड चिकटपट्टीने झाकून मगच निघा, नाहीतर वाटेत दुसरं बोट अडकेल.

गळ निघाला तरी काम संपत नाही. जखम साबणाने आणि वाहत्या स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. छिद्र लहान असतं, ते टाके घालून बंद करत नाहीत, कारण आतली घाण बाहेर यायला वाट हवी. साधी पट्टी पुरते. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर ती घ्या. आमिष आणि चिखल लागलेल्या गळाची जखम अस्वच्छच धरली जाते. प्रतिजैविक गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत. पण मधुमेह, यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर गळ सहज निघाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू अशा माणसांत झपाट्याने पसरतात.

पुढचे दोन-तीन दिवस बोटावर लक्ष ठेवा. पेर टणक होऊन ठणकायला लागलं तर आत पू होत असतो. सगळं बोट सुजलं, ते अर्धवट वाकलेलंच राहिलं, तळव्याच्या बाजूने लांबीभर दुखू लागलं आणि कुणी सरळ करताच कळ उठली, तर संसर्ग स्नायुबंधाच्या आवरणात शिरला आहे. त्या बोटासाठी रात्र उलटू देऊ नका, तडक रुग्णालयात जा. काही आठवड्यांनी त्या जागी न भरणारी गाठ आली, तर डॉक्टरांना मासा आणि खाडी यांचा उल्लेख आवर्जून करा. पाण्यातल्या एका संथ जिवाणूमुळे अशी गाठ होते, आणि हा संदर्भ कळला नाही तर निदान लांबतं.

गरवायला जाताना सामानात कटर आणि चपटी पक्कड ठेवा. खाण्यासाठी नव्हे, छंद म्हणून मासे धरून सोडणार असाल, तर त्याच पकडीने उलटा काटा आधीच दाबून सपाट करा. असा गळ बोटात गेला तरी आला तसा मागे निघतो.