‘भेटूया की कधीतरी’ नव्हे, ‘बुधवारी पावणेतीनला’

गेल्या हिवाळ्यात एका वलीम्याच्या जेवणात आमच्या बीएडच्या वर्गातली एक मैत्रीण भेटली. वयाने ती आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, म्हणून तेव्हापासून आम्ही तिला आपा म्हणतो. हात धुवायच्या रांगेत पाच मिनिटं बोलणं झालं असेल. मागून कोणी घाई करू लागलं, तसं आम्ही तिचा हात दाबून म्हणालो, “आपा, असं उभ्या उभ्या नाही, नीट बसून बोलू. भेटूया एखाद्या रविवारी, इन्शाअल्लाह.” ती म्हणाली, “जरूर.” आम्ही घरी आलो, सोमवारी शाळा सुरू झाली आणि तो शब्द आमच्या लेखी तिथेच संपला.

तिच्या लेखी मात्र तो संपला नव्हता. पुढे तीन महिन्यांनी तिनेच हसत हसत सांगितलं की, त्यानंतरचे दोन रविवार तिने माहेरी जायचं टाळलं होतं. ‘एखादा रविवार’ म्हणजे हाच असेल, उगाच चुकामूक नको, असं तिला वाटलं. फोन करून विचारावं, तर आपणच मागे लागल्यासारखं होईल, म्हणून तिने विचारलंही नाही. आमच्यासाठी जे निरोपाचं वाक्य होतं, ते तिच्यासाठी आमंत्रण होतं. ऐकताना आमचा चेहरा उतरला हे तिनेही पाहिलं.

अशी वाक्यं आपण सगळेच बोलतो आणि त्यात खोटेपणा नसतो. त्या क्षणी भेटायची इच्छा खरीच असते. पण त्या वाक्यात कुणाला काही करायचं उरत नाही. वार कोणी ठरवायचा, कुणाच्या घरी जायचं, फोन आधी कोणी करायचा, हे सगळं अधांतरीच राहतं. दोघीही वाट पाहतात आणि दोघींनाही वाटतं की समोरचीला सवड नसेल. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ साली या विषयावर एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. ‘मला हे करायचं आहे’ एवढंच मनाशी ठरवणारी माणसं आणि ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अशा रीतीने करीन’ असं ठरवणारी माणसं यांची त्यांनी तुलना केली होती. दुसऱ्या प्रकारच्या माणसांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, असं त्यांना आढळलं. त्यांचं कारण साधं आहे. वेळ आणि जागा ठरली की ती वेळ येताच काम आपोआप आठवतं, पुन्हा नव्याने विचार करावा लागत नाही.

इथे ‘इन्शाअल्लाह’बद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण आपल्या घरांत हा गोंधळ फार होतो. सूरह कहफमध्ये (आयत २३-२४) ताकीद आहे ती अशी की, एखाद्या गोष्टीबद्दल ‘मी हे उद्या करीन’ असं म्हणू नये, अल्लाहने इच्छिलं तर असं जोडावं. म्हणजे आधी ‘उद्या’ आहे, आधी ठरवलेलं काम आहे, त्याला इन्शाअल्लाह जोडायचं आहे. आपण उलटं करतो. काम ठरवतच नाही आणि मोकळी राहिलेली जागा या शब्दाने भरतो. मग मुलंसुद्धा ओळखू लागतात. आमच्या वर्गातल्या एका पोराने सहलीविषयी विचारलं, तेव्हा आम्ही “इन्शाअल्लाह, बघू” म्हणालो. तो मागे वळून मित्राला म्हणाला, “म्हणजे नाही.”

असो. आपाचं पुढे असं झालं. ते दोन रविवार वाया गेल्याचं तेव्हा आम्हांला माहीत नव्हतं, पण वलीम्यातल्या गर्दीचा एक फोटो कोणी पाठवला, त्यात ती दिसली आणि आमच्या लक्षात आलं की शब्द दिला होता. या वेळी आम्ही व्हॉट्सॲपवर असं लिहिलं:

“सलाम आपा. येत्या शुक्रवारी दुपारी ३ वाजता आमच्या घरी येशील का? खूप दिवस झाले.”

आम्हांला वाटलं, वार दिला, वेळ दिली, जागा दिली, झालं काम. तिचं उत्तर आलं, “शुक्रवारी नाही गं जमणार.” पुढे काहीच नाही. आम्ही फोन खाली ठेवला आणि मनात म्हणालो, तिला नसेल यायचं.

तो संदेश वाईट नव्हता, पण त्यात दोन खोट होत्या. पहिली म्हणजे एकच वार पुढे केला, दुसरी वाट ठेवली नाही. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणून थांबावं लागलं. स्वतःहून दुसरा वार सुचवणं पुष्कळांना आगाऊपणाचं वाटतं. दुसरी खोट ‘आमच्या घरी’ची. आपल्याकडे घरी बोलावणं म्हणजे दावत. येणारी रिकाम्या हाताने येत नाही. बोलावणारी सकाळपासून स्वयंपाकघरात असते आणि पुढच्या वेळी परतफेडीची दावत आलीच. एक तास बोलण्यासाठी दोन घरांच्या बायकांचे दोन दिवस जातात. घरीच बोलवायचं तर ‘फक्त चहा, जेवणाचं काही करणार नाही आणि तूही काही आणू नकोस’ असं स्पष्ट लिहावं. ते कोरडं वाटत नाही, उलट समोरची सुटकेचा श्वास सोडते.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा लिहिलं, आणि बरं झालं लिहिलं:

“आपा, शुक्रवार राहू दे. तुला कुठला वार बरा पडतो? आम्ही दुपारी साडेबारानंतर मोकळ्या असतो, रविवार पूर्ण. चहापुरतंच भेटू, तासभर. या महिन्यात जमणारच नसेल तर तसंही सांग, राग नाही.”

या वेळी संदेश आला नाही, थेट फोन आला. तिच्या शोहरांचे मूत्रपिंड निकामी झाले आहेत. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, डायलिसिस असतं. राहायला ती तासगावला, पण डायलिसिस मिरजेत. म्हणजे आमच्याच गावात. आठ महिने ती आठवड्याला तीन दुपारी आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर येत होती. ते आत चार तास मशीनला जोडलेले आणि ही बाहेरच्या बाकावर तस्बीह घेऊन बसलेली. वलीम्यात सांगायला तोंड उघडलं होतं, पण रांग पुढे सरकली.

भेटीची जागा मग तिथेच ठरली. आम्ही म्हणालो, “बुधवारी पावणेतीनला येतो. दवाखान्यासमोर चहाचं कॅन्टीन आहे ना, तिथे. चार वाजता निघू, म्हणजे ते बाहेर यायच्या आत तू बाकावर परत.” ती म्हणाली, “तुम्ही कशाला दवाखान्यात येता?” आम्ही म्हणालो, “दवाखान्यात नाही, चहाला येतो.”

सगळ्यांत उपयोगी गोष्ट आम्हांला इथे कळली. जागा निवडताना आपल्याला सोयीची किंवा छान जागा शोधू नये. समोरच्या माणसाला ज्या ठिकाणी एरवीही असावंच लागतं, त्याच्या जवळची शोधावी. मुलांच्या ट्यूशनच्या दारापाशी, बँकेतलं काम उरकून निघताना, एसटी स्टँडवर गाडीच्या आधीचा अर्धा तास. ज्याच्या घरी आजारी माणूस किंवा तान्हं मूल आहे, त्याला वेळ काढता येत नाही, पण असलेल्या वेळेत कोणी येऊन बसलं तर हवं असतं.

शेवटची वेळ सांगणंही तितकंच महत्त्वाचं. ‘तीनला ये’ म्हटलं की ऐकणारीच्या मनात पहिला प्रश्न ‘किती वेळ?’ हा असतो. असरच्या आत परत येता येईल का, मुलं शाळेतून आली तर दार कोण उघडेल. ‘पावणेतीन ते चार’ म्हटलं की हे सगळे प्रश्न तिला स्वतःशीच सोडवता येतात आणि ‘हो’ म्हणणं सोपं जातं.

आपल्या घरांत वेळ नमाजेवरून सांगायची रीत आहे. ती गोड आहे आणि एकाच मोहल्ल्यात चालतेही. पण ‘मगरिबनंतर ये’ म्हणजे नेमकं केव्हा? आमच्या भागात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. ठरवताना एक ऋतू आणि भेटताना दुसरा असला तर तासाचा फरक पडतो. शिवाय कुणी जमाअतीहून थेट निघतं, कुणी जेवून. म्हणून ‘मगरिबनंतर, साडेसातला’ असं दोन्ही सांगावं. आदल्या संध्याकाळी एक ओळ पाठवावी: ‘उद्या पावणेतीन, कॅन्टीन, येतोय.’ ही विचारणा नव्हे, आठवण आहे. ‘उद्याचं नक्की ना?’ असं विचारलं की रद्द करायला आपणच दार उघडतो.

आणि कोणी खरंच भेटू इच्छित नसेल तर? तेही यातूनच कळतं. ज्याला भेटायचं असतं, पण वार जमत नाही, तो बहुतेक वेळा दुसरा वार देतो किंवा अडचण तरी सांगतो. ‘बघू’, ‘कळवते’ एवढंच आलं तर आमच्यासारखं लगेच मनावर घेऊ नये. एकदा आणखी विचारावं, सोपी वाट ठेवून. दुसऱ्यांदाही तेच आलं तर थांबावं आणि ईदची मुबारकबाद मात्र सोडू नये. तिसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला बहाणा शोधावा लागतो, आणि तो आपल्यामुळे. संदेश पाठवण्याआधी ‘तिला त्रास तर नाही ना होणार’ म्हणून जी भीती वाटते, ती मात्र बहुधा अवास्तव असते. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. जुन्या ओळखीच्या माणसाने आठवण काढली याचं ऐकणाऱ्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज पाठवणारे कमीच करत होते.

बुधवारी आम्ही पावणेतीनला पोचलो तेव्हा आपा आधीच कॅन्टीनच्या दाराशी उभी होती. दोन चहा, एक प्लेट भजी. पहिला अर्धा तास ती शोहरांच्या पाण्याच्या हिशोबाबद्दल बोलली. दिवसाला किती कप द्यायचे, उन्हाळ्यात त्यांची तहान कशी आवरायची. मग बीएडच्या पाठ-निरीक्षणाच्या आठवणी निघाल्या. त्या दोन रविवारांबद्दल तिने सांगितलं ते तेव्हाच. चारला पाच मिनिटं कमी असताना तीच उठली. पदर सारखा करत म्हणाली, “पुन्हा भेटू.” आम्ही विचारलं, “केव्हा?” ती थांबली, हसली आणि म्हणाली, “पुढचा बुधवार नको, त्या दिवशी रक्त तपासायचंय. त्याच्या पुढचा. हीच वेळ. आणि भजी मी घेणार.”