सोळा बटणे, आठ तारा

सोळा बटणांच्या कीपॅडमधून सोळा नव्हे, आठच तारा बाहेर येतात. चार आडव्या ओळींच्या, चार उभ्या स्तंभांच्या. बटण दाबले की एक ओळ एका स्तंभाला जोडली जाते.

कोणते बटण, हे शोधण्यासाठी रिंग काउंटर एका वेळी एकाच ओळीला व्होल्टेज देतो: 1000, 0100, 0010, 0001, आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक ओळीला एक मिलिसेकंद दिला, तर फेरी चार मिलिसेकंदांत संपते. बोट त्याहून कितीतरी जास्त वेळ बटणावर असते, त्यामुळे ते निसटत नाही.

समजा, 0 ते F अशी क्रमाने मांडलेल्या बटणांतले 9 दाबले. ते तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या स्तंभात आहे. तिसऱ्या ओळीची पाळी येताच दुसऱ्या स्तंभावर व्होल्टेज उमटते आणि त्याच इशाऱ्याने काउंटर थांबतो. मोजणी शून्यापासून असल्याने ओळीचा आकडा 10, स्तंभाचा 01. दोन्ही शेजारी ठेवले की 1001, म्हणजेच 9. बटणाचे धातूचे टोक काही मिलिसेकंद थरथरते, म्हणून साधारण वीस मिलिसेकंद थांबून मगच हा आकडा खरा धरतात.

वीज सुरू होताना काउंटरमध्ये 0000 भरले गेले, तर फिरायला 1 उरतच नाही आणि सगळी बटणे मुकी होतात. दोन 1 शिरले, तर दोन ओळी एकदम जाग्या होऊन चुकीचे आकडे येतात. म्हणून सुरुवातीलाच 1000 भरून घ्यावे लागते.