अर्ध्या पिक्सेलचा भूकंप

१६ ऑक्टोबर १९९९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. हेक्टर माइन या नावाने तो ओळखला जातो. भेगेच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींच्या उलट दिशांना सरकली आणि जिथे ती सर्वांत जास्त सरकली तिथे हा फरक सुमारे ५ मीटर होता. स्पॉट उपग्रहाच्या तेव्हाच्या चित्रांत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. म्हणजे सगळी उलथापालथ जेमतेम अर्ध्या पिक्सेलची! भूकंपाआधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून कितीही डोळे ताणले तरी ती दिसणार नाही. तरीही कॅल्टेकच्या संशोधकांनी अशाच चित्रांतून ती मोजून दाखवली. त्यामागची युक्ती म्हणजे फेज कोरिलेशन. १९७५ मध्ये कुगलिन आणि हाइन्स या दोघांनी ती मांडली होती.

कोणतेही चित्र जाड-बारीक लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते, हे फूरिएचे गणित. प्रत्येक लहरीच्या दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात: तिची ताकद किती आणि ती कुठून सुरू होते. ही सुरुवात कोनात मोजतात, तिलाच फेज म्हणतात. चित्र जसेच्या तसे बाजूला सरकवले तर लहरींच्या ताकदीत काहीच बदल होत नाही, फक्त फेज बदलते.

समजा, चित्र ५१२ पिक्सेल रुंद आहे आणि ते १२ पिक्सेल उजवीकडे सरकले. पूर्ण रुंदीत एकच हेलकावा घेणाऱ्या लहरीची फेज ३६० अंशांच्या १२/५१२ पट, म्हणजे सुमारे ८.४ अंशांनी बदलेल. दोन हेलकावे घेणारीची १६.९ अंशांनी, दहा घेणारीची ८४.४ अंशांनी. पन्नास घेणारीची मात्र ४२२ अंशांनी, आणि कोन ३६० नंतर पुन्हा शून्यावर येत असल्याने आपल्याला दिसणार फक्त ६२. एकट्या लहरीवर विसंबता येत नाही ते यामुळेच. पण सगळ्या लहरींचे म्हणणे एकाच वेळी पटेल असे सरकणे एकच असते.

ते शोधण्यासाठी पहिल्या चित्राचे फूरिए रूप F आणि दुसऱ्याचे G घेतात आणि

R = G·F* / |G·F*|

एवढे काढतात. F* मुळे फेजची वजाबाकी होते आणि छेदामुळे ताकद पुसली जाते. हा भागाकारच या पद्धतीचा जीव आहे. त्यानंतर प्रत्येक लहरीला, बलदंड असो वा मरतुकडी, एकच मत. R चे उलटे फूरिए रूपांतर केले की सपाट मैदानात एकच टोकदार शिखर उभे राहते, आपल्या उदाहरणात १२ व्या घरात. चित्र १२ पिक्सेल डावीकडे गेले असते तर शिखर ५०० व्या घरात आले असते, कारण या गणितात चित्राची उजवी कड डावीला जोडलेली असते. एखादे चित्र सरसकट उजळ किंवा फिके असले तरी शिखर हलत नाही.

कडांची ही जोडणी आणखी एक घोळ घालते. डावी-उजवी कड जुळत नसल्याने तिथे कृत्रिम पायरी तयार होते. ती दोन्ही चित्रांत एकाच जागी असते, म्हणून शून्यावर खोटे शिखर उगवते आणि काहीच हलले नाही असे वाटते. यासाठी चित्र कडेकडे हळूहळू विरत नेतात. त्या झालरीला हॅन विंडो म्हणतात.

हेक्टर माइनसारख्या कामात पूर्ण चित्राला एकच उत्तर पुरत नाही. म्हणून, उदाहरणार्थ, ३२ × ३२ पिक्सेलचे चौकोन घेऊन प्रत्येकाचे सरकणे वेगळे काढतात आणि त्यातून जमिनीच्या हालचालीचा नकाशा तयार होतो. अर्धा पिक्सेल सरकले असेल तर शिखर दोन घरांत विभागले जाते. कॅल्टेकच्या पद्धतीत मग शिखराऐवजी थेट R मधल्या कोनांचा उतार मोजतात. उतार अपूर्णांकातही येऊ शकतो. अर्थात, त्याआधी डोंगरउतार आणि उपग्रहाच्या तिरक्या नजरेमुळे आलेली विकृती काढून टाकावी लागते, नाहीतर तीच भूकंप म्हणून मोजली जाईल. माझ्या मते खरे कष्ट तिथेच आहेत.

सर्वांना समान मत देण्याची किंमतही मोजावी लागते. अस्पष्ट चित्रात बारीक लहरींत माहिती जवळपास नसतेच, उरतो तो गोंगाट. पण त्यालाही तेवढेच मत मिळते. म्हणून अशा लहरी वगळतात किंवा त्यांचे वजन कमी करतात. वाळूच्या एकसारख्या रांगा असल्या तर अनेक शिखरे उगवतात. चित्र वळले असेल तर शिखर विस्कटून जाते. त्यावर आयआयटी खरगपूरच्या रेड्डी आणि चॅटर्जी यांनी १९९६ मध्ये लॉग-पोलर निर्देशांकांचा प्रसिद्ध उपाय दिला.

कोणाला हे करून पाहायचे असेल तर ओपनसीव्हीत `cv2.phaseCorrelate` तयार आहे. ते सरकण्यासोबत शिखर किती ठळक आहे याचाही आकडा देते. तो शून्याच्या जवळ असेल तर सरकण्याचे उत्तर कितीही नेमके दिसो, ते सरळ टाकून द्या.