रुंद ग्रिपने पाठ रुंद होत नाही

जिममध्ये पाठीच्या व्यायामाबद्दल एक सूत्र पाठ असतं: पुलडाउनने रुंदी, रोने जाडी. सूत्र सोपं आहे, म्हणून टिकलंय. पण स्नायूला मशीनचं नाव कळत नाही. त्याला कळतं ते इतकंच, की दंड कुठून कुठे हलला आणि किती वजनाविरुद्ध.

लॅट म्हणजे काखेखालून व्ही आकार देणारा मोठा स्नायू. तो पाठकण्याच्या खालच्या निम्म्या भागापासून आणि कमरेच्या हाडापासून निघतो आणि काखेखालून वळून दंडाच्या हाडाला पुढच्या बाजूने चिकटतो. वर किंवा पुढे गेलेला दंड धडाकडे खेचून आणणं हे त्याचं काम. वरची पाठ जाड दिसते ती वेगळ्या स्नायूंमुळे: ट्रॅपचा मधला भाग, त्याखालचे रॉम्बॉइड आणि खांद्याची मागची बाजू. ट्रॅप आणि रॉम्बॉइड दोन्ही फरे एकमेकांजवळ आणतात. खांद्याची मागची बाजू बाहेर काढलेला दंड मागे नेते.

म्हणून मशीनपेक्षा कोपर कुठून जातं ते पाहा. सीटेड रोवर अरुंद हँडल धरून, कोपरं बरगड्यांना जवळजवळ घासत कमरेकडे ओढलीत, तर भार मुख्यतः लॅटवर येतो. त्याच मशीनला लांब बार लावून, कोपरं बाजूला काढून बार छातीच्या खालच्या टोकाकडे आणलात, तर तो वरच्या पाठीचा व्यायाम होतो. लॅटसाठी ओढताना कोपर धडाच्या फार मागे नेण्याचा अट्टहास नको. तिथे लॅटची पकड कमी होते आणि बहुतेकांचा खांदा पुढे झुकू लागतो. वरच्या पाठीसाठी मात्र दर रेपच्या सुरुवातीला फरे पुढे जाऊ द्या, मग मागे आणा. ‘फरे आवळूनच ठेव’ ही सूचना इथे नुकसान करते, कारण ज्या हालचालीसाठी व्यायाम करायचा, तीच बंद पडते.

‘बार जितका रुंद धरू, तितके लॅट रुंद.’ पुलडाउनमध्ये अरुंद, मध्यम आणि रुंद पकडींची तुलना झाली आहे. लॅटच्या कामात फारसा फरक आढळला नाही. फार रुंद धरलं की हालचाल आखूड होते आणि वजनही कमी ओढलं जातं. खांद्यांपेक्षा थोडी रुंद पकड बहुतेकांना पुरते. मानेमागे बार आणण्याचा लॅटला जादा फायदा नाही, आणि खांदे आखडलेल्या माणसाची मान त्यात उगाच पुढे ढकलली जाते.

‘बॅक डेला जितके सेट, तितकी पाठ.’ इथे सगळ्यात जास्त घाम वाया जातो. एक नेहमीचा सोमवार घ्या: तीन प्रकारचे पुलडाउन, तीन प्रकारचे रो, प्रत्येकी चार सेट, म्हणजे एकूण 24. पंधराव्या सेटपासून पाठीआधी मूठ आणि बायसेप्स थकतात, धड झोके घेऊ लागतं, वजन उतरवावं लागतं. हे सेट मोजले जातात, पण पाठीला त्यातून थोडंच मिळतं. मग पुढचे सहा दिवस पाठीला काहीच काम नाही.

तोच आठवडा असा लावता येईल. सोमवारी मध्यम पकडीचे पुलडाउन 4 सेट आणि बाकावर छाती टेकवून, कोपरं बाहेर काढून डंबेल रो 3 सेट. गुरुवारी एका हाताने, कोपर कमरेकडे नेत डंबेल रो 4 आणि लांब बारचा सीटेड रो 3. एकूण 14: लॅटला थेट आठ, वरच्या पाठीला थेट सहा. शिवाय एकाचे सेट दुसऱ्यालाही थोडं काम देतात, त्यामुळे प्रत्येकाचा हिशेब दहाच्या आसपास जातो, आणि सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे. रेप 8 ते 12, शेवटी एक-दोन रेप निघतील इतकी ताकद शिल्लक, दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. डेडलिफ्ट या हिशेबात धरू नका. त्यात लॅट बार अंगाशी धरून ठेवतो, पण जवळजवळ लांबी न बदलता.

सेट वाढवायचे की नाही हे वहीवरून ठरवा. पुलडाउन 50 किलोला 8 रेपवरून महिन्याभरात 11 वर गेलं, तर काही बदलू नका. आकडा अडला, पण झोप आणि जेवण नीट आहे आणि गुरुवारपर्यंत पाठ ताजी असते, तर गुरुवारी दोन सेट वाढवा. आकडा घसरतोय आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय, तर दोन कमी करा. खांद्यांच्या हाडांची रुंदी मात्र कुठल्याच सेटने बदलत नाही. दोन माणसांच्या पाठी एकाच वहीवर वेगवेगळ्या दिसतात त्याचं हे एक कारण.