मावशींच्या चेहऱ्यावरची शाई

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. वर निळी ताडपत्री, खाली झेंडूचा ढीग आणि ढिगामागे मान खाली घालून हार ओवणाऱ्या मावशी. हा फोटो रिसोग्राफवर छापल्यासारखा दिसावा अशी माझी इच्छा होती. तीनच शाया, खरबरीत कागद, एक रंग किंचित सरकलेला आणि सगळ्यावर बारीक रवा. पहिल्या प्रयत्नात मावशींचा चेहरा काळपट हिरवा झाला आणि ताडपत्री वांगी रंगाची. दोन्ही का बिघडलं, हे शोधताना या छपाईबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्याही तयार फिल्टरने शिकवलं नसतं.

ज्यांनी शाळेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईल होताना पाहिल्या आहेत त्यांना रिसोग्राफ परका वाटणार नाही. तत्त्व तेच आहे. टोकियोत १९४६ साली नोबोरू हायामा यांनी सुरू केलेल्या छपाईच्या व्यवसायातून पुढे रिसो ही कंपनी उभी राहिली आणि तिने १९८० साली हे यंत्र आणलं. पातळ मास्टरवर यंत्र उष्णतेने सूक्ष्म छिद्रं पाडतं. तो मास्टर शाई भरलेल्या ड्रमभोवती गुंडाळला जातो, ड्रम गरागरा फिरतो आणि छिद्रांतून शाई कागदावर उतरते. एका ड्रममध्ये एकच रंग असतो. दुसरा रंग हवा असेल तर दुसरा मास्टर आणि दुसरा ड्रम लागतो. बऱ्याच यंत्रांवर तोच छापलेला गठ्ठा पुन्हा आत घालावा लागतो.

रिसोची सगळी नजाकत या रचनेतून येते. कागद दुसऱ्यांदा आत जाताना केसभर इकडेतिकडे होतो, म्हणून रंग सरकतात. छिद्र एक तर असतं किंवा नसतं, फिकी शाई अशी काही चीज यंत्राकडे नाही, म्हणून फिकेपणा विरळ ठिपक्यांनी दाखवावा लागतो आणि तो रवाळ दिसतो. शाई पारदर्शक असल्याने एकावर एक पडलेल्या दोन शायांमधून तिसराच रंग निघतो. यालाच छपाईवाले ओव्हरप्रिंट म्हणतात. ही शाई कागदात मुरते, ऑफसेटच्या शाईसारखी वर कडक होत नाही. गडद भागावरून बोट फिरवलं तर कित्येक दिवसांनीही डाग लागतो.

एकेका रंगाचा वेगळा ठसा घेणं आपल्याकडे नवं नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली चित्रं प्रत्येक रंगाचा वेगळा दगड करून छापली जात. त्या कारागिरांना रंग सरकलेला चालत नसे. आज आपण तो सरकलेपणा मुद्दाम मागतो, म्हणून तो खऱ्यासारखा कसा सरकतो हे नीट पाहायला हवं.

मी तीन शाया निवडल्या: निळी `#0078BF`, फ्लुरोसंट गुलाबी `#FF48B0` आणि पिवळी `#FFE800`. रिसोवर छापणारे लोक संगणकावर नमुना पाहण्यासाठी हेच आकडे सर्रास वापरतात. काम GIMP या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलं. त्यात `Colors > Components > Decompose` मध्ये `RGB` निवडलं की फोटोचे तीन करडे थर मिळतात. लाल थर जिथे काळा आहे तिथून लाल प्रकाश आलेला नाही, म्हणून तिथे निळी शाई द्यायची. हिरव्या थराच्या काळ्या भागावर गुलाबी आणि निळ्या थराच्या काळ्या भागावर पिवळी. झेंडूचं एक फूल तपासलं. त्याचा रंग साधारण लाल २४५, हिरवा १४०, निळा २० असा होता. म्हणजे निळी शाई जवळजवळ शून्य, गुलाबी ४५ टक्के आणि पिवळी ९२ टक्के. पिवळ्यावर निम्मे गुलाबी ठिपके पडले की झेंडूचा केशरी आपोआप उभा राहतो. हे फूल पहिल्याच फटक्यात जमलं.

ताडपत्री मात्र फसली. तिचा रंग ४०, ११०, १९०. हिशोबाने निळी शाई ८४ टक्के आणि गुलाबी ५७ टक्के. हा हिशोब गृहीत धरतो की निळी शाई फक्त लाल प्रकाश शोषते. रंगीत छपाईतला आकाशी सायन साधारण तसा वागतोही. रिसोचा निळा तसा नाही. तो हिरवा प्रकाशही अर्ध्याहून अधिक खातो, त्यामुळे ताडपत्रीला हवी होती त्यातली बरीचशी काळोखी त्याने एकट्यानेच दिली होती. वरून गुलाबी ओतल्यावर वांगी होणारच. मी ताडपत्रीभोवती निवड आखली आणि `Colors > Curves` ने हिरवा थर त्या जागी उजळत नेला, गुलाबी जवळजवळ नाहीशी होईपर्यंत. ताडपत्री पुन्हा निळी झाली.

मावशींचा चेहरा याहून नाजूक प्रकरण होतं. गव्हाळ-सावळी त्वचा, उन्हाच्या बाजूला साधारण १४०, ९०, ६०. म्हणजे निळी ४५ टक्के, गुलाबी ६५ आणि पिवळी ७६. तिन्ही शाया एकाच जागी भरपूर. या तिघी पूर्ण जोराने एकावर एक पडल्या की काळा होत नाही, गढूळ हिरवट काळा होतो, कारण निळा आणि पिवळा मिळून हिरवा आणि गुलाबीने त्यातलाही उजेड काढून घेतलेला. सावळ्या चेहऱ्यांना ही यांत्रिक फोड अन्याय करते, आणि आपल्याकडच्या फोटोंत हा प्रश्न पदोपदी येतो. उपाय असा की चेहऱ्यावरचा निळा थर खूप मागे सारायचा. मी तो उजेडाच्या बाजूला पूर्ण काढला. निळा ठेवला फक्त केसांत, पापण्यांच्या ओळीत, नाकाच्या सावलीत आणि हनुवटीखाली. उरलेला चेहरा गुलाबी-पिवळ्याच्या मिश्रणातून तांबूस उजळला आणि निळ्याने त्याला आकार दिला. खरा रंग यात नाही, पण चेहरा आहे. तीन शायांत मला तेवढंच हवं होतं.

मग रव्याचं काम. बहुतेक जण इथेच चुकतात. सगळं चित्र रंगवून झाल्यावर त्यावर एकदाच धूळ पसरवतात. अशी नक्कल ओळखणं सोपं आहे: जिथे शाईच नाही त्या कोऱ्या कागदावरही रवा दिसतो आणि तिन्ही रंगांत कण एकाच जागी असतात. खऱ्या छपाईत प्रत्येक मास्टरचे ठिपके आपापले असतात. मधल्या छटांत रवा सगळ्यांत जास्त, पांढऱ्यात नाही, भरीव शाईत अगदी थोडा. म्हणून रंग देण्याआधीच, थर करडे असताना, चित्र `Image > Mode > Indexed` मध्ये नेलं, `Use black and white (1-bit) palette` घेतलं आणि डिदरिंगसाठी `Floyd-Steinberg` निवडलं. ही पद्धत प्रत्येक ठिपक्याची चूक शेजारच्या ठिपक्यांत वाटून टाकते. सपाट भागात तिच्या अळ्यांसारख्या रेघा उमटतात, म्हणून आधी प्रत्येक थरावर थोडा `RGB Noise` दिला. त्याने रेघा मोडल्या.

ठिपक्याचा आकार विसरू नये. माझं चित्र १०८० पिक्सेल रुंद हवं होतं, पण ठिपके ५४० रुंदीवर पाडले आणि मग `Interpolation` `None` ठेवून दुप्पट केलं. नाहीतर रवा इतका बारीक होतो की पडद्यावर नुसता करडा दिसतो. आणखी एक गोष्ट: कागदावर ठिपका थोडा फुगतो, पडद्यावर फुगत नाही. त्यामुळे ठिपक्यांचं चित्र पडद्यावर मूळ फोटोपेक्षा फिकट भासतं. डिदरिंगच्या आधी थर जरा गडद करून घेतले की तोल जुळतो.

पुढे चित्र परत `RGB` मध्ये आणलं, `Color to Alpha` ने पांढरा काढला, उरलेल्या काळ्या ठिपक्यांत शाईचा रंग भरला, थरांचा मोड `Multiply` केला आणि सगळ्यांत खाली मळकट पांढऱ्या कागदाचा थर ठेवला.

शेवटी सरकवणं. निळा थर जागेवर ठेवला, कारण चेहऱ्याचा आकार त्याच्यावर उभा होता. चित्र ए-५ आकाराचं धरलं तर १०८० पिक्सेलमध्ये १४८ मिलीमीटर, म्हणजे एका मिलीमीटरला सातएक पिक्सेल. गुलाबी थर उजवीकडे पाच पिक्सेल सरकवला, पिवळा खाली तीन. वर गुलाबीला ०.२ अंशाचं वळण दिलं. या वळणामुळे सरकणं चारही कोपऱ्यांत सारखं राहत नाही, आणि तिरका गेलेला कागद नेमका असाच वागतो. आता एखाद्या फुलाची कड पाहा. डाव्या बाजूला गुलाबी मागे राहिल्याने नुसत्या पिवळ्याची बारीक कोर उघडी पडली आहे आणि उजव्या बाजूला गुलाबी कडेबाहेर सांडला आहे. शेजारच्या फुलातही कोर त्याच बाजूला दिसायला हवी. प्रत्येक फुलात ती वेगळ्या दिशेला असेल तर ते वस्तू सुट्या सुट्या हलवल्याचं लक्षण आहे. ड्रम आख्खा कागद छापतो, म्हणून थर आख्खाच सरकतो.

एका बाबतीत पडदा हार मानतो. फ्लुरोसंट गुलाबी शाई डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही शोषून दिसणाऱ्या रंगात परत टाकते, त्यामुळे छापील कागदावर ती आतून पेटल्यासारखी वाटते. `#FF48B0` हा तिचा केवळ अंदाज आहे.

हे चित्र खरोखर रिसोवर छापून घ्यायचं ठरवलं, तर वरचं निम्मं काम मोडून टाकावं लागतं. छापणाऱ्याला रंगीत चित्र द्यायचं नाही. तीन वेगळ्या करड्या फायली द्यायच्या, प्रत्येकीवर शाईचं नाव लिहायचं. ठिपके पाडलेल्या फायली देऊ नयेत, कारण यंत्र स्वतःचे ठिपके पाडतं आणि दोन्हींची गाठ पडली की विचित्र जाळी उमटते. सरकवलेले थरही परत जुळवून द्यावेत. माझ्या फायलीत ताडपत्रीवरून काढलेला गुलाबी आणि मावशींच्या गालावरून काढलेला निळा, एवढेच बदल मी ठेवले आहेत. ते यंत्र करू शकत नाही.