शुक्रवारचा निरोप

आम्ही गावची भाजी शहरात घरपोच देतो. दर शुक्रवारी व्हॉट्सॲपच्या चॅनेलवर गिऱ्हाइकांना निरोप धाडतो. चॅनेल म्हणजे दवंडीच. एकाने सांगायचे, सगळ्यांनी ऐकायचे. गिऱ्हाइकाला तिथे आपणहून मागणी लिहिता येत नाही. म्हणून निरोपातच सारे यावे लागते.

एकदा आम्ही नुसते लिहिले, ‘मेथी जुडी १५ रुपये.’ तारीख घातली नाही. पुढच्या आठवड्यात पावसाने मेथी सडली. भाव ३० झाला. जुना निरोप मात्र चॅनेलवर तसाच होता. तो वाचून चौघांनी १५ रुपयांनीच मेथी मागितली. चूक आमची, बोलणीही आम्हीच खाल्ली!

आता निरोप असा लिहितो :

हे भाव फक्त रविवार, १२ जुलैसाठी.
मेथी, जुडी – ३० रुपये.
वांगी, अर्धा किलो – ३० रुपये.
पालक नाही.
मागणी शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत कळवा.

खाली आमचा फोन नंबर असतो. तोही दर वेळी लिहितो.

‘पालक नाही’ हे का लिहायचे? नाही तर पालकासाठीच दहा फोन येतात. आणि ६ची वेळ का? मागणी कळली, की रविवारी पहाटे तेवढीच मेथी उपटतो. उरलेली रानात ताजी राहते.